दगडाचा विठोबा हलतो तेव्हा

पडद्यावर सगळंच हलतं. झाड, भांडं, ढग, चंद्र, कुणालाही डोळे फुटतात आणि कुणीही बोलू लागतं. लहान मुलांना त्याचं नवल वाटत नाही, कारण त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक चित्रफितीत हेच घडत असतं. नामदेवाच्या नैवेद्याच्या गोष्टीवर पाच मिनिटांच्या ॲनिमेशनपटाची संहिता लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा खरी अडचण इथेच होती. ज्या गोष्टीचा सगळा जीव ‘दगडाचा देव जेवला’ यात आहे, ती गोष्ट मी अशा माध्यमात सांगणार होते, जिथे दगडाने जेवणं ही रोजची बाब आहे.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. दामाशेटी शिंप्याचं पंढरपुरातलं घर. दामाशेटी गावाला गेले आहेत, म्हणून गोणाई लहानग्या नामदेवाच्या हातात विठ्ठलाचा नैवेद्य देते. मोठी माणसं ताट ठेवतात, पाणी फिरवतात, हात जोडतात आणि ताट परत घेऊन येतात. नामदेव मात्र ताट ठेवून बसून राहतो. देवाने जेवल्याशिवाय परत जायचं कसं? तो विनवतो, रडतो, शेवटी डोकं फोडून घेईन म्हणतो, आणि विठ्ठल जेवतो. रिकामं ताट घेऊन तो घरी येतो तेव्हा आईला खरं वाटत नाही. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’तून आणि कीर्तनातून ही गोष्ट घराघरांत गेली.

काम सांगणाऱ्या मंडळींनी तात्पर्यही आधीच लिहून दिलं होतं. देव भावाचा भुकेला असतो, तेव्हा मुलांनो, मनापासून भक्ती करा, अशा अर्थाची दोन वाक्यं शेवटी निवेदकाने म्हणायची होती. मला ती वाक्यं नको होती, आणि केवळ उपदेश आवडत नाही म्हणून नव्हे. गोष्ट पुन्हा पुन्हा वाचताना मला त्यात निराळंच काही दिसत होतं. देव जेवतो, हे नामदेवाला मोठ्यांनीच सांगितलेलं आहे. त्याने ते खरं धरलं. तो घरी येऊन सांगतो, तेव्हा अविश्वास दाखवते ती सांगणारी आईच. मुलाला दिलेला शब्द मुलाने तंतोतंत पाळला की मोठी माणसं गोंधळतात, हा या गोष्टीचा गाभा आहे असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. तो गाभा निवेदकाच्या वाक्यात मावत नाही. तो गोणाईच्या चेहऱ्यावर दिसला पाहिजे.

पण त्याआधी चमत्कार खरा वाटायला हवा होता. त्यासाठी मी संहितेच्या पहिल्याच पानावर सूचना लिहिली: चमत्काराचा क्षण येईपर्यंत विठ्ठल हलणार नाही. पापणी नाही, हसू नाही, डोळ्यांत चमकही नाही. बाकी सगळी चित्रं सपाट रंगांत आणि काळ्या रेघेत होती. मूर्ती तेवढी रेघेशिवाय, खरखरीत पोत देऊन, पार्श्वभूमीचा भाग असल्यासारखी रंगवायची. मुलं पाच-सहा वर्षांची असली तरी चित्रातली कोणती वस्तू हलणार हे त्यांना रंगवण्याच्या पद्धतीवरून आधीच कळतं. हलणारी वस्तू वेगळ्या थरावर असते आणि ती मागच्या चित्रापेक्षा थोडी उजळ दिसते. तो सुगावाच काढून घ्यायचा होता.

स्थिर चित्राची एक पंचाईत असते. सेकंदाला चोवीस चौकटी जातात, आणि दोन चौकटींना एक चित्र धरलं तर बारा चित्रं लागतात. पाच सेकंद काहीच हललं नाही, म्हणजे एकशे वीस चौकटी तेच चित्र राहिलं, तर बघणाऱ्याला वाटतं की यंत्र अडकलं. ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांना कच्चा आवाज लावून केलेली फीत, बालवाडीतल्या मुलांना दाखवताना हे लगेच दिसलं. एका मुलीने तर पडद्याला हात लावून पाहिला. उपाय समईने दिला. ज्योत हलती ठेवली आणि तिची सावली मूर्तीच्या चेहऱ्यावर फिरू दिली. मूर्ती जागची हलत नाही, उजेड हलतो. त्यामुळे चित्र जिवंत राहिलं, आणि मुलं आपसांत कुजबुजू लागली, ‘हसला का रे? नाही, दिवा हलला.’ नामदेवालाही तसंच वाटत असणार.

गाभाऱ्याचं दृश्य मी असं लिहिलं होतं:

नामदेव: विठोबा, जेव ना. (थांबतो.) गरम आहे का? (भातावर फुंकर घालतो.) आता जेव.

(मूर्ती. ज्योतीची सावली. बाहेर छिन्नीचा आवाज.)

नामदेव: बाबा आणतात तेव्हा जेवतोस ना? मला मंत्र येत नाही म्हणून रागावलास?

(मूर्ती. तोच आवाज.)

नामदेव: बरं. मग मीपण नाही जेवणार.

(भिंतीला टेकून बसतो. ताटाकडे पाहतो. तोंड फिरवतो.)

शेवटचं वाक्य डोकं फोडून घेण्याच्या जागी आलं आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना ते दृश्य मी ठेवलं नाही. मुलं पाहिलेलं करून बघतात, आणि हवं ते मिळवायला डोकं आपटावं, ही युक्ती त्यांना मुळात कुणी शिकवायला नकोच. ‘तू नाही तर मीपण नाही’ हे मात्र रुसलेलं प्रत्येक मूल म्हणतं. शिवाय त्याला स्वतःला भूक लागलेली आहे हे त्या बसण्यातून कळतं, आणि मग हट्टाला वजन येतं. कीर्तनातल्या प्रसंगात मी हात घातला म्हणून एका जाणत्यांनी नाराजी दाखवली. मोठ्यांसाठी लिहिलं असतं तर मीही तो प्रसंग जसाच्या तसा ठेवला असता.

धीर आला तो दुसऱ्या एका जागेवरून. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, आणि त्यांतल्या एका पदात हीच कथा येते. तिथे ताट नाही, दूध आहे, सोन्याच्या वाटीतलं. तिथे धमकीही नाही. नामदेवाकडे पाहून नारायण हसतो, दूध पितो आणि भक्त घरी जातो. म्हणजे ही गोष्ट पूर्वीपासून एकाहून अधिक रूपांत सांगितली गेली आहे, आणि सौम्य रूपही तितकंच जुन्या परंपरेतलं आहे.

त्या दुधाचा चित्रकारांना फार उपयोग झाला. वरणभात खाल्ला जाताना दाखवायचा तर घास, बोटं, तोंड, सगळं काढावं लागतं, आणि मूर्तीचं तोंड हललं की ती एकदम गमतीदार दिसते. वाटीतलं दूध कमी होणं म्हणजे एक पांढरा आकार खाली जाणं. म्हणून पानाशेजारी दुधाची वाटी ठेवली. आमच्या शिंप्याच्या घरात सोनं शोभलं नसतं, तेव्हा वाटी काशाची केली. पानावरच्या पदार्थांकडेही नीट पाहावं लागलं. पहिल्या चित्रात बटाट्याची भाजी आणि हिरवी मिरची होती. नामदेवांचा जन्म १२७० चा, आणि मिरची-बटाटा आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतरचे. त्यांच्या जागी भात, भाकरी आणि लोण्याचा गोळा आला. देवळाचं आजचं उंच शिखर आणि नामदेव पायरीही चित्रातून काढून टाकली, कारण पायरीची आठवण ज्यांच्या नावाने आहे तेच अजून लहान आहेत.

छिन्नीच्या आवाजाचं कारण सांगायला हवं. पंढरपूरच्या देवळात चौऱ्यांशीचा लेख म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. देवळासाठी दान देणाऱ्यांच्या त्यातल्या नोंदी १२७३ ते १२७७ या काळातल्या आहेत, म्हणजे नामदेव तीन ते सात वर्षांचे असतानाच्या. कुणीतरी त्या दिवसांत दगडावर अक्षरं कोरत बसलेलं होतं. तो कारागीर मी पडद्यावर आणला नाही, त्याचा आवाज तेवढा घेतला. टक, टक, टक. दगड हा दगड असतो, तो घणाचे घाव सोसतो, हे मुलांच्या कानांवर चित्रभर पडत राहतं. आणि ज्या क्षणी विठ्ठल हलणार, त्या क्षणी तो आवाज थांबतो. संगीत नाही, टाळ नाहीत, प्रकाशाचा झोतही नाही. संगीतकारांना तिथे बासरी हवी होती. दोन्ही प्रकार मुलांना दाखवले. बासरी लागली की मुलं ‘आता होणार’ म्हणून सावरून बसत, आवाज थांबला की मात्र दचकून वर बघत. बासरी गेली.

हालचाल एकच ठेवली. महाराष्ट्रातल्या मुलाला विठोबा ओळखायला शिकवावं लागत नाही. कमरेवर हात दिसले की तो विठोबा. म्हणून एक हात कमरेवरून सुटून खाली येतो, एवढंच. चेहरा तसाच. हात चौकटीबाहेर जातो, मग नामदेवाचा चेहरा दिसतो, मग वाटीतलं उतरत जाणारं दूध. हाताला आठ सेकंद दिले होते, म्हणजे हलणाऱ्या हाताच्या मानाने फारच सावकाश. घाईने खाली आला तर तो माणसाचा हात वाटतो. सावकाश आला की दगडाचं वजन शिल्लक राहतं.

उरलेलं दीड मिनिट घरातलं आहे. गोणाई रिकामं पान बघते आणि विचारते, ‘वाटेत तूच खाल्लंस ना, नाम्या?’ तो म्हणतो, ‘नाही. विठोबा जेवला. तूच म्हणालीस ना, जेवतो म्हणून?’ यावर गोणाईला मी एकही वाक्य दिलं नाही. पुढे दामाशेटी परत येऊन स्वतः बघायला जातात असं सांगितलं जातं. तो भाग वेळेपायी गेला आणि मला त्याची हळहळ वाटली नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे. गोणाई पान वाढते, क्षणभर थांबते आणि त्यावर एक भाकरी जास्त ठेवते. निवेदकाची दोन वाक्यं त्या भाकरीच्या जागी होती. चर्चा लांबली, पण बालवाडीतल्या मुलांनी ‘ती जास्तीची भाकरी कुणाला?’ असं विचारलं आणि त्यांतल्याच एकाने ‘विठोबाला, आता तिला कळलं’ असं उत्तर दिलं, तेव्हा ती वाक्यं गेली.

मुलांचा एक प्रश्न मात्र उरला आणि तो रास्त होता: ‘मग आमच्या घरचा गणपती का जेवत नाही?’ ही गोष्ट घडलेली म्हणून दाखवली तर हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर ‘तुझा भाव कमी पडला’ असं कुठल्याही मुलाला मिळता कामा नये. तात्पर्याची वाक्यं नेमकं तेच उत्तर देत होती. म्हणून सुरुवातीला एक म्हातारी आजी आणली. ती वाती वळता वळता नातवाला ही गोष्ट सांगते आहे. तिचं पहिलं वाक्य आहे, ‘माझी आजी मला सांगायची.’ संहितेत सगळे मिळून तीनशेच्या आसपास शब्द आहेत, आणि त्यांतले हे चार आम्ही ध्वनिमुद्रणात पुन्हा घेतले, कारण पहिल्यांदा ते फार घाईत म्हटले गेले होते.