टोळाची जात वेगळी नसते

मे २०२० मध्ये अमरावती, नागपूरकडे टोळधाड आली, तेव्हा एका विद्यार्थ्याने मला फोनवर विचारलं, "सर, ही टिड्डी आपल्या नाकतोड्यापेक्षा वेगळ्या जातीची असते का?"

वाळवंटी टोळ नाकतोड्याच्याच कुळातला. एकटा असताना तो बुजरा असतो. दुसरा टोळ दिसला की बाजूला होतो आणि उडतोही रात्री. लोकांना एकटा टोळ आणि धाडीतला टोळ हे दोन वेगळे कीटक वाटत. ही एकाच कीटकाची दोन रूपं आहेत, हे उवारोव्ह या शास्त्रज्ञाने दुसऱ्या एका टोळाबाबत १९२१ मध्ये मांडलं.

मग बदल होतो कसा? पावसानंतर वाळवंटात हिरवळ येते, टोळ वाढतात. हिरवळ सुकू लागली की उरलेल्या झुडपांवर सगळे दाटीने जमतात आणि त्यांचे मागचे पाय एकमेकांना घासतात. प्रयोगशाळेत एकट्या टोळाच्या मागच्या मांडीवर दर मिनिटाला पाच सेकंद, असं चार तास ब्रश फिरवला, तर तो इतर टोळांकडे ओढला जाऊ लागला. या स्पर्शाने त्याच्या छातीतल्या मज्जागाठींत सेरोटोनिन वाढतं. सेरोटोनिनचा परिणाम औषधाने रोखला, तर हा बदल होत नाही.

स्वभाव काही तासांत बदलतो. रंग आणि अंगकाठी पुरती बदलायला पिढ्या लागतात. नुकताच बदललेला टोळ लगेच एकटा ठेवला, तर काही तासांत पुन्हा बुजरा होतो. पण दाटीत वाढलेल्या मादीची पिल्लं अंड्यातूनच कळपाची ओढ घेऊन येतात. म्हणून टोळांना पंख फुटण्याआधी, झुडपांत दाटी होतानाच शोधावं लागतं.