चोवीस चिंचोके

केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या वाटेवरच होते. शेजारच्या वाडीवरचे गुरुजी आजारी होते, दिवसभर तिथली मुलं मला सांभाळायची होती. पहिली ते चौथी, वीस मुलं, एकच खोली. एकाचंही नाव ठाऊक नव्हतं आणि कुणाचं किती शिकून झालंय तेही नाही. अशा वेळी मी पुस्तक उघडत नाही. एका इयत्तेचा धडा सुरू केला की बाकीच्या तीन मोकाट सुटतात. पहिली पंधरा मिनिटं मी चिंचोक्यांना देते.

चौघांचे पाच गट केले, प्रत्येकात शक्यतो चारही इयत्तांतला एकेक. गटाला 24 चिंचोके दिले. मोजायचं काम पहिलीच्या मुलाचं, आणि मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. इथेच माझं सगळं लक्ष असतं. मोजलेला चिंचोका बाजूला सरकवणारं मूल 24 वर पोहोचतं. नुसतं बोट फिरवणारं 22 किंवा 26 वर थांबतं, कारण काही सुटतात, काही दोनदा मोजले जातात. त्याला ‘चुकलं’ म्हणायचं नाही, ‘मोजलेला इकडे ठेव’ एवढंच सांगायचं. मग दुसरीच्या मुलाने दहा-दहाचे ढीग करायचे: दोन ढीग, वर चार सुटे.

पुढचं काम तिसरी-चौथीचं: सारख्या रांगा लावायच्या, एकही उरता कामा नये आणि प्रत्येक मांडणी पाटीवर लिहायची. एका गटात सहाच्या चार रांगा आणि चारच्या सहा रांगा एकच की वेगळ्या यावरून जुंपली. चौथीतल्या मुलीने उठून दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं आणि म्हणाली, “बाई, इकडून तेच दिसतंय.” गुणाकारात संख्यांची अदलाबदल चालते, हे तिचं तिला सापडलं होतं.

मोठी मुलं लवकर संपवतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. म्हणून प्रत्येक गटातला एक चिंचोका मी काढून घेतला. आता 23. दोन रांगा केल्या, एक उरला. तीन केल्या, दोन उरले. चार केल्या, तीन उरले. खोली एकदम शांत झाली. मूळसंख्या हा शब्द मी उच्चारलाही नाही, त्याची घाई नव्हती.

हा खेळ त्याच दिवशी पुन्हा चालत नाही, नवल संपलेलं असतं. पहिलीतली लहानगी चिंचोका नाकात घालू शकतात, म्हणून त्यांच्यावर नजर हवीच आणि शेवटी चिंचोके मोजूनच परत घ्यायचे.

संध्याकाळी गुरुजींसाठी चिठ्ठी लिहिली: पहिलीतले दोघं न सरकवता मोजतात, दुसरीतल्या एकीला सुटे आणि दशक वेगळे कळत नाहीत, आणि चौथीतल्या त्या मुलीला 36 चिंचोके द्या.