फाटकापाशी

आजोबांच्या निधनानंतर आठवड्याने आईने चौथीतील मुलाच्या वर्गशिक्षिकेस पत्र लिहिले. ‘घरी दुःखद घटना घडली’ एवढ्याने भागणार नव्हते. दुकान उघडण्यापूर्वी आजोबाच त्याला शाळेत सोडीत. रडू फाटकापाशीच येईल, हे तिने आधी कळविले. पहिले तीन दिवस तो मधल्या सुट्टीपर्यंत थांबेल, न्यायला काका येतील. ‘आजोबा वारले, हे त्याला स्पष्ट सांगितले आहे. ते झोपले आहेत, असे कुणी म्हणू नये. मुलांना झोपेचीच भीती बसते. पोट दुखते म्हणाला तर थोडा वेळ बाहेर बसू द्यावे, लगेच घरी पाठवू नये.’ बाई स्वतः फाटकाशी उभ्या राहू लागल्या. चौथ्या दिवशी पूर्ण वेळ काही जमले नाही. मधल्या सुट्टीची मुदत आणखी आठवडाभर वाढवावी लागली.