सरसकट, त्रेपन्नावा

‘सरसकट’ या शब्दात पाच अक्षरं आहेत. ती जितक्या प्रकारांनी मांडता येतील तितक्या प्रकारांनी मांडायची. त्यातून जे जे शब्द तयार होतील ते, अर्थ असो वा नसो, कोशाच्या क्रमाने एकाखाली एक लिहायचे. मग प्रश्न असा की या यादीत ‘सरसकट’ कितवा?

अकरावी-बारावीला गणित शिकवताना परम्युटेशनच्या धड्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. पुस्तकात आणि स्पर्धा परीक्षांत तो इंग्रजी शब्दांवर असतो. मला मात्र तो मराठी शब्दांवर घालायला आवडतो, कारण मराठीत आल्यावर त्याची खरी हाडं दिसतात. काना-मात्रा नसलेला आणि एखादं अक्षर पुन्हा येणारा शब्द सापडला की मी तो वहीत टिपून ठेवते. ‘खटपट’, ‘समरस’, ‘सळसळत’, ‘सरसकट’ हे सगळे तसे सापडलेले.

पहिलं काम म्हणजे अक्षरं क्रमाने लावणं: क, ट, र, स, स. एकूण शब्द किती? पाचही अक्षरं वेगळी असती तर ५! म्हणजे १२० झाले असते. दोन ‘स’ एकमेकांच्या जागी गेले तरी शब्द तोच राहतो, म्हणून २! ने भागायचं. उरले ६०. आता साठ शब्द लिहून काढणं अवघड नाही, पण लिहायचे नाहीत हीच तर गंमत आहे. आपल्या शब्दाच्या आधी कोणते गट्ठेच्या गट्ठे येऊन जातात एवढंच पाहायचं. पत्ता शोधताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव बघतो, तसं.

‘सरसकट’ची सुरुवात ‘स’ने होते. म्हणजे क, ट आणि र यांनी सुरू होणारे सगळे शब्द त्याच्या आधी आले. ‘क’ने सुरू होणारे किती? ‘क’ पहिल्या जागी बसला की ट, र, स, स उरतात. त्यांच्या मांडण्या ४! भागिले २!, म्हणजे १२. ‘ट’चे तितकेच, ‘र’चेही तितकेच. पहिल्या अक्षरापाशीच ३६ शब्द मागे पडले.

आता पहिला ‘स’ जागेवर बसला. हातात र, स, क, ट राहिले आणि चारही वेगळे आहेत. दुसऱ्या जागी ‘र’ हवा. त्याच्या आधी क आणि ट येतात. दोघांपैकी कोणीही तिथे बसला तर मागे तीन वेगळी अक्षरं राहतात, म्हणजे ३! = ६ शब्द. दोघांचे मिळून १२. बेरीज झाली ४८. तिसऱ्या जागी ‘स’, हातात स, क, ट. पुन्हा क आणि ट आधीचे, प्रत्येकाचे दोन-दोन शब्द, म्हणजे ४. बेरीज ५२. उरले क आणि ट. त्यांतला ‘क’ आधीच पहिला आहे, तेव्हा पुढे मोजायला काही नाही. बावन्न शब्द आपल्या आधी आहेत, म्हणून आपला शब्द त्रेपन्नावा.

हे उत्तर बरोबर आहे का, ते दुसऱ्या टोकाकडून पाहता येतं आणि मी ते प्रत्येक वेळी करायला लावते. ‘सरसकट’नंतर कोण येतं? एक ‘सरसटक’. त्यानंतर ‘सस’ने सुरू होणारे शब्द, म्हणजे क, ट, र यांच्या ३! = ६ मांडण्या. एकूण सात. साठातून सात गेले, त्रेपन्न. दोन्ही बाजूंनी आलेल्या वाटा एकाच दाराशी भेटल्या की निश्चिंत व्हावं. शेवटी एक मिळवायचं राहून गेलं तर इथेच पकडलं जातं. बावन्नाव्या जागी ‘सरटसक’ असतो, ‘सरसकट’ नव्हे.

पण खरी चूक होते ती पुनरावृत्तीच्या भागाकारात. एका मुलाने एकदा विचारलं, “मॅडम, दोन ‘स’ आहेत तर आधी सगळी अक्षरं वेगळी धरून मोजू आणि शेवटी एकदाच दोनाने भागू. चालेल ना?” प्रश्न चांगला होता, म्हणून फळ्यावर तसंच करून पाहिलं. पहिल्या जागी तीन गुणिले २४ म्हणजे ७२, मग १२, मग ४. बेरीज ८८, निम्मे ४४, एक मिळवून ४५. पण पंचेचाळिसाव्या जागी ‘सटरकस’ बसलेला असतो! बिघडलं कुठे? ‘क’ पहिल्या जागी गेला तेव्हा दोन्ही ‘स’ मागे राहिले होते, तिथे दोनाने भागणं योग्य होतं. पण एकदा पहिला ‘स’ स्वतःच जागेवर बसला की मागे एकच ‘स’ राहतो. आता अदलाबदल कोणाशी करणार? तिथून पुढे भागायला काहीच नाही. भागाकार शब्दाला लागत नाही, त्या त्या पायरीवर हातात उरलेल्या अक्षरांना लागतो. हे एक वाक्य पक्कं झालं की कितीही वेळा आलेलं अक्षर त्रास देत नाही.

उलटा प्रश्नही असतो: चाळिसावा शब्द कोणता? इथे पुनरावृत्ती आणखी एक पेच घालते. अक्षरं सगळी वेगळी असतील तर एक वजा करून भागाकार करत गेलं की पुरतं, कारण प्रत्येक अक्षराचा गट्ठा सारखाच असतो. इथे तसं नाही. क, ट, र यांचे गट्ठे बारा-बाराचे, पण ‘स’चा चोवीसचा, कारण एक ‘स’ पुढे गेल्यावर मागची चारही अक्षरं वेगळी राहतात. त्यामुळे डोळे मिटून बाराने भागलं तर त्रेपन्नाव्या शब्दासाठी पाचवं अक्षर शोधावं लागेल, आणि वेगळी अक्षरं तर चारच आहेत. म्हणून भागायचं नाही, गट्ठे एकेक करून वजा करायचे. चाळीसमधून छत्तीस गेले, म्हणजे आपण ‘स’च्या गट्ठ्यात चौथे. तिथे ‘सक’चे सहा शब्द, तेव्हा दुसरं अक्षर ‘क’. ‘सकट’चे दोन गेले, उरले दोन, म्हणून तिसरं अक्षर ‘र’. ‘सकर’मधला दुसरा तो ‘सकरसट’.

या दोन्ही प्रश्नांना आपल्याकडे जुनी नावं आहेत. मांडणी दिलेली असेल आणि क्रमांक शोधायचा असेल तर ते उद्दिष्ट. क्रमांक दिलेला असेल आणि मांडणी शोधायची असेल तर ते नष्ट. छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडण्यांसाठी हे शब्द वापरात होतेच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात हेच प्रश्न स्वरांना विचारले. सात स्वर, प्रत्येक एकदाच, अशा तानांची संख्या ५०४०. ती यादी न लिहिता कोणत्याही तानेचा क्रमांक काढण्यासाठी त्याने खंडमेरू नावाचा तक्ता दिला. त्याच्या तिसऱ्या स्तंभात ०, २, ४; चौथ्यात ०, ६, १२, १८; पाचव्यात ०, २४, ४८ असे आकडे चढत जातात. आपण वर वापरलेले फॅक्टोरियलचे गट्ठेच ते.

मात्र शार्ङ्गदेवाची यादी कोशासारखी नाही. त्याच्या प्रस्तारात शेवटचा स्वर सगळ्यांत सावकाश बदलतो, म्हणून मोजणी शेवटाकडून होते. सा, रे, ग, म या चार स्वरांची ‘म रे सा ग’ ही तान घ्या. शेवटी ‘म’ असलेल्या सहा ताना आधी होऊन जातात, मग ‘ग’वर संपणाऱ्या सुरू होतात. आपली तान ‘ग’वर संपते, म्हणून चौथ्या स्तंभातले ६. राहिलेल्या सा, रे, म मध्ये शेवटी ‘सा’ आहे. शेवटाकडून मोजत गेलं तर तो म आणि रे यांच्यानंतर येतो, म्हणून तिसऱ्या स्तंभातले ४. मग म, रे यांच्या जोडीतला १. बेरीज ११, वर एक, म्हणून तान बारावी. हीच चार अक्षरं कोशाच्या क्रमाने ग, म, रे, सा अशी लावली आणि डावीकडून मोजलं तर ‘मरेसाग’ दहावा येतो. दोन्ही उत्तरं अचूक आहेत.

मला या कोड्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. क्रमांक शब्दाचा नसतो, यादीचा असतो. यादी कोणत्या क्रमाने लावायची हे ठरल्याशिवाय ‘कितवा’ या प्रश्नाला अर्थच नाही. इंग्रजी शब्दांवर हे कोडं सोडवताना ही गोष्ट कधी जाणवत नाही, कारण तिथला अक्षरक्रम सगळ्यांना एकच ठाऊक असतो. मराठीत ती पहिल्याच ओळीत समोर येते. ‘पाणीपुरी’ घेतला तर ‘पा’ हे एक अक्षर धरायचं की ‘प’ आणि काना सुटे? सुटे धरले तर कान्याने सुरू होणारे शब्द यादीत येतील, म्हणजे ती यादीच नको. मी अक्षर मात्रेसकट एक धरते. मग णी, पा, पु, री असा क्रम लागतो आणि पाणीपुरी चोवीसात सातवी येते.

त्याहून मोठी परीक्षा ‘ळ’ घेतो. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्याही नंतर येतो. ‘सळसळत’मध्ये मग क्रम होतो त, स, ळ. एकूण शब्द तीस. पहिल्या ‘स’पाशी ‘त’चे ६ मागे पडतात. ‘ळ’पाशी ‘सत’ आणि ‘सस’ यांचे तीन-तीन, म्हणजे आणखी ६. पुढच्या ‘स’पाशी २ आणि शेवटच्या ‘ळ’पाशी १. बेरीज पंधरा, तेव्हा शब्द सोळावा. पण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढची जागा दिली आहे, व, श, ष, स, ह सगळे त्याच्या मागून. त्या आकड्यांवर अक्षरं लावणाऱ्या साध्या प्रोग्रामसाठी क्रम होतो त, ळ, स आणि त्याच्या यादीत ‘सळसळत’ सत्ताविसावा निघतो. अकरा जागांचा फरक, आणि मोजणीत दोघांचीही चूक नाही. म्हणून असं उत्तर जुळत नसेल तर मी आधी फॅक्टोरियल तपासत नाही, आधी अक्षरांचा क्रम तपासते.

पुनरावृत्तीचा हिशेबही आपल्याकडे जुनाच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त शेवटी अंकपाशाचं प्रकरण दिलं. त्यात ४, ८, ५, ५, ५ या अंकांनी किती संख्या होतील हा प्रश्न आहे, आणि उत्तर २०, म्हणजे ५! भागिले ३!. किती मांडण्या हे त्या भागाकाराने कळतं. कितवी मांडणी हे कळायला मात्र तोच भागाकार प्रत्येक जागी नव्याने करावा लागतो, आणि त्याआधी अक्षरांची रांग ठरवावी लागते. म्हणून माझ्या प्रत्येक कोड्याच्या वर, प्रश्नाच्याही आधी, अक्षरांचा क्रम लिहिलेला असतो. ‘सळसळत’ असेल तर ‘त, स, ळ’ एवढी एकच ओळ. ती ओळ नसेल तर वाचणाऱ्याने आधी तीच मागून घ्यावी.