गिधाड गेल्यावर बसतो कोण?

सहावीच्या वर्गाला अन्नजाळे शिकवताना मी पत्त्यांचा आणि सुतळीचा खेळ घेते. आमची शाळा अंजनेरीच्या बाजूची. त्या डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, म्हणून नाहीशी होणारी प्रजाती गिधाडच ठेवली.

जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून पत्ते केले: गवत, बैल, ससा, बिबट्या, कुत्रा, कावळा, माशी, गिधाड. एक पत्ता मुद्दाम वाढवला, ‘मेलेलं जनावर’. अन्नजाळ्याच्या चित्रांत तो सहसा नसतो आणि तो नसला तर गिधाडाला जागाच उरत नाही. प्रत्येक पत्त्याखाली ‘मी काय खातो’ हे लिहिलं आणि पत्ते मुलांच्या गळ्यात अडकवले.

या खेळात सहसा सुतळीचा एकच गुंडा हातोहात फिरवतात. मी तसं करत नाही. एकच सुतळी असली की कुणीही हात सोडला तरी सगळ्यांना झटका बसतो आणि एक जण गेला की सगळे संपले, असं मुलांना वाटतं. निसर्गात तसं होत नाही. म्हणून खाल्ला जाणारा आणि खाणारा अशा प्रत्येक जोडीला वेगळा तुकडा द्यायचा. खाणाऱ्याच्या टोकाला गाठ मारायची, म्हणजे अन्न कुणाकडून कुणाकडे जातं ते विसरायला होत नाही. नियम एवढाच, की अन्नाच्या सगळ्या सुतळ्या सैल पडल्या तरच खाली बसायचं.

आधी गवताला बसवलं. ससा बसला, बैल बसला, मग बिबट्याच्या दोन सुतळ्या लोंबल्या. पण कुत्र्याची तिसरी ताठ होती, म्हणून तो उभा राहिला. आमच्याकडे बिबट्या वस्तीवरची कुत्री नेतो, हे मुलांना ठाऊक होतं. सगळ्यांना परत उभं करून मग गिधाडाला बसवलं. दुसरं कुणीच बसलं नाही.

“बाई, गिधाड गेलं तरी कुणाला काहीच झालं नाही!” एक मुलगा म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. आमच्या जाळ्यात गिधाडाला खाणारं कुणी नव्हतं. मात्र ‘मेलेलं जनावर’ झालेली मुलगी सुतळीचं सुटं टोक धरून उभी होती. “हे आता कोण खाणार?” मी विचारलं. “कुत्री,” दोन-तीन आवाज एकदम आले.

सुतळीला हे दाखवता येत नाही. कोण उपाशी राहिलं ते तिच्यावरून कळतं, कोण माजलं ते कळत नाही. त्यासाठी हरभरे घेतले. दर फेरीला मेलेल्या जनावराच्या वाटीत वीस हरभरे. गिधाडाचे चौदा, कावळा, माशी आणि कुत्रा यांचे दोन-दोन. गिधाड नसेल तर कावळा आणि माशीनंतर प्रत्येक कुत्र्याला सहापर्यंत घेता येतात, आणि पोटभर सहा मिळालेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एक नवा कुत्रा उभा राहतो. हे आकडे खेळापुरते आहेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं.

पहिल्या फेरीत कुत्र्याने सहा घेतले, दहा हरभरे तसेच सडले. दुसऱ्या फेरीत दोन कुत्र्यांनी बारा घेतले, चार उरले. तिसऱ्या फेरीत चार कुत्रे झाले. सोळा हरभऱ्यांत प्रत्येकाला चारच आले आणि वाढ थांबली. पण एकाचे चार झाले होते.

मग खरी हकिगत सांगितली. भारतात १९९०च्या दशकापासून गिधाडं झपाट्याने कमी झाली; पांढऱ्या पाठीची तर २००७पर्यंत शंभरातलं एकही उरलं नव्हतं. गुरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे कारण २००४मध्ये उघड झालं. औषध दिल्यावर लवकरच मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी त्या औषधावर २००६मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध गुरांना चालतं.

“सगळ्याच गुरांना कुठे इंजेक्शन देतात?” एका मुलीने विचारलं. उत्तरासाठी चौघांना गिधाड केलं आणि अनेक वाट्यांपैकी एकीत रंगवलेले हरभरे ठेवले. चौघं मिळून एकेक वाटी संपवत गेले. रंगीत वाटी आली तेव्हा चौघांनाही एकदम बसावं लागलं. गिधाडं थव्याने एकाच जनावरावर उतरतात, त्यामुळे शंभरात एखादं जनावर विषारी असलं तरी पुरतं.

शेवटी रंगीत वाटी काढून टाकली आणि एक गिधाड परत उभं केलं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात, म्हणून पुढचं गिधाड पाच फेऱ्यांनी. तोवर वाटी चार कुत्र्यांकडेच. मुलं कंटाळून म्हणाली, “बाई, कुत्र्यांना बसवा ना!” पण खेळाचा नियम त्यांना बसवू देत नव्हता: त्यांच्या अन्नाची सुतळी ताठच होती.