बालवर्गाच्या दारातलं रडू



नातीच्या बालवर्गातल्या ताईंनी मला नव्या पालकांसाठी एक पत्र लिहून मागितलं. पोचवायला आलेल्या आजीचं बोलणं पालक जास्त ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र इथेही देते.

प्रिय आई-बाबांनो,

जूनमध्ये पहिल्या दिवशी मूल रडतं, त्यात काही वावगं नाही. तीन वर्षांच्या मुलाला ‘अडीच तासांनी’ म्हणजे किती, हे कळत नाही. आई दिसेनाशी झाली की ती परत येईल याची त्याच्याकडे खात्री नसते. ती खात्री थोडी थोडी करून द्यावी लागते.

आमच्या नातीचं सांगते. घरात चार मोठी माणसं, त्यामुळे परक्याजवळ राहायची तिला सवयच नव्हती. पहिले तीन दिवस सूनबाई वर्गातच कोपऱ्यात बसली. स्वतः खेळायला गेली नाही, पण पोर धावत आली की मांडीवर घ्यायची. तासाभराने दोघी घरी यायच्या. चौथ्या दिवशी ती सांगून दहा मिनिटं बाहेर थांबली. पोर रडली, ताईंनी कडेवर घेतलं, चार-पाच मिनिटांत ती ठोकळ्यांकडे वळली. म्हणून पाचव्या दिवशी अर्धा तास. ताईंकडे शांत झालीच नसती, तर सूनबाईने आत येऊन आणखी दोन-तीन दिवस बसायचं, असं आधीच ठरलं होतं. सोमवारी वेळ वाढवली नाही. रविवारी घरी राहिलेलं मूल सोमवारी पुन्हा बिचकतं. मंगळवारी डब्यापर्यंत, मग दोन दिवसांनी पूर्ण वेळ. जर्मनीतल्या बर्लिनच्या पाळणाघरांतून आलेली एक पद्धत अशीच आहे: पहिले तीन दिवस वेगळं करायचंच नाही, आणि पहिल्यांदा वेगळं करायला सोमवार निवडायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल खेळात रमलं की मागच्या मागे सटकू नका. ‘आत्ता आले हं’ म्हणून दोन तास जाऊ नका. आपण सत्य अणुव्रत म्हणतो, ते लहानग्यांशी बोलतानाही लागू आहे. फसवलेलं मूल त्या दिवशी कमी रडेल, पण दुसऱ्या दिवसापासून खेळताना त्याची नजर दाराकडे राहील. घरी तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी ते दाराशी बसेल. असं दिसलं तर समजा, आपल्या शब्दावरचा त्याचा विश्वास कमी झालाय.

निरोप रोज एकसारखा आणि छोटा ठेवा. आम्ही चपला काढायच्या फळीपाशी एकदा णमोकार म्हणतो, मिठी मारतो आणि सांगतो, “डबा खाल्लास, गाणी म्हटलीस की आई दारात.” घड्याळाची वेळ सांगू नका, पुढे काय घडणार ते सांगा. मग पोरीचा हात ताईंच्या हातात द्यायचा आणि निघायचं. रडणं ऐकून पुन्हा पुन्हा मागे फिरलात, तर अजून जोरात रडलं की आई थांबते, एवढंच मूल शिकतं. मन राहत नसेल तर पंधरा मिनिटांनी ताईंना फोन करा. बहुतेक मुलं तोवर गप्प झालेली असतात.

आणायला मात्र वेळेवर या. बाकीची मुलं गेली आणि आपलं एकटं उरलं, तर ‘गाणी झाली की’ हा शब्द खोटा ठरतो. उशीर होणारच असेल तर ताईंना कळवा, त्या मुलाला सांगतील.

दोन गोष्टींनी घाबरू नका. पहिला आठवडा हसत गेलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात रडतं, कारण हे आता रोजचंच आहे हे त्याला तेव्हा उमगतं. गणपतीच्या किंवा पर्युषणाच्या सुट्टीनंतरही दोन-तीन दिवस असंच होतं. आणि तुम्हाला दारात पाहून मूल रडलं, म्हणजे दिवसभर रडलं असं नाही. धरून ठेवलेलं सगळं ते आपल्या माणसापाशी सोडतं.

पण तीन-चार आठवडे झाले तरी मूल वर्गात शांतच होत नसेल, डब्याला हात लावत नसेल, रात्री दचकून उठत असेल किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर ‘होईल सवय’ म्हणू नका. ताईंशी बोला, पुन्हा थोडे दिवस वर्गात बसा, मुलांच्या डॉक्टरांनाही विचारा. वर्गात एखादं मूल त्रास देतंय का, शौचालयाची भीती वाटतेय का, हेही पाहावं लागतं.

‘शेजारचा बघ, कसा शहाणा’ असं म्हणू नका. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला महिना. कामावर जाणाऱ्या आयांना वर्गात बसायला रजा मिळत नाही, हे मला माहीत आहे. मग आजी, आत्या, जे मुलाच्या सवयीचं असेल त्यांनी बसावं, पण रोज तेच माणूस असावं.

तुमच्याच वर्गातल्या एका मुलीची आजी