कान भावाकडे, डोळे ताईकडे

जो बोलतोय त्याचाच चेहरा दाखवायला हवा, असं कुठे आहे? एवढंच उमगलं आणि कालपासून मी एडिटच्या टाइमलाइनसमोरून उठलेले नाही.

प्रसंग साधा आहे. शॉर्टफिल्ममधला भाऊ जेवता जेवता सांगतो, “ताई, वाडा विकलाय. सह्या झाल्या.” दोघांचे क्लोजअप वेगवेगळे घेतलेत. जो बोलेल त्याच्यावर कट, असं लावलं की सगळं समजतं, पण प्रसंग रेंगाळतो. दोन वाक्यांच्या मध्ये भाऊ जवळजवळ दोन सेकंद थांबून पाणी पितो. ते कापावं तर चित्र उडी मारतं. आत्ता पेला हातात, लगेच ताटाशेजारी!

मग ‘विकलाय’ पुरतं संपायच्या आतच चित्र ताईवर नेलं, आवाज मात्र भावाचाच चालू ठेवला. आणि काय सांगू! त्याचे ओठ दिसेनासे झाले आणि मधली शांतता माझ्या ताब्यात आली. ती अर्ध्या सेकंदावर आणली, तर भाऊ बेफिकीर वाटला. तीन सेकंद केली, तर त्याच्या तोंडून पुढचं निघतच नाहीये असं वाटलं. नट तोच, वाक्यं तीच! वाढवलेल्या जागेत त्याच खोलीचा रिकामा आवाज भरावा लागतो, नाहीतर पंख्याची घरघर मध्येच तुटते. ‘सह्या झाल्या’ तर मी दुसऱ्याच टेकमधून उचललं, तिथे त्याचा आवाज छान खोल गेला होता.

यासाठी शॉट ताईचा एकटीचाच हवा. भावाच्या खांद्यावरून घेतलेला असला, तर कडेला त्याचा जबडा हलतो आणि शब्द भलतेच येतात. तिची नजरही ‘सह्या’ ऐकल्यावरच झुकायला हवी. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर मी आठेक फ्रेम मागे ठेवली. शब्दाआधी झुकली, तर तिला सगळं आधीच ठाऊक होतं असा अर्थ निघतो. (मला तोही अर्थ आवडला होता, पण दिग्दर्शकाने डोळे वटारले.)

रात्री ‘द गॉडफादर’ (1972) मधला रेस्टॉरंटचा प्रसंग पुन्हा लावला. सोलोत्सो इटालियनमध्ये बोलतोय, खाली सबटायटल नाहीत, कॅमेरा मायकलच्या चेहऱ्यावर आणि बाहेरच्या रेल्वेचा आवाज चढत जातो. बोलणं जवळजवळ निरर्थक! आपण फक्त मायकल आता काय करणार तेवढं बघतो.

म्हणून सगळीकडे ऐकणाराच दाखवायचा असंही नाही हं. भाऊ पुढे म्हणतो, “आईला विचारलं होतं मी.” ही शुद्ध थाप आहे आणि ताईला ती कळलेली नाही, मग तिच्या चेहऱ्यावर शोधायचं काय? तिथे कट भावावरच, आणि वाक्य संपल्यावरही बराच वेळ तिथेच.